न काढलेल्या ३७३ धावा

परभणीला कॉलेजात असताना मी आमच्या क्रिकेट संघाचा स्कोअरर होतो. संघाच्या फोटोत अगदी कडेला, पांढऱ्या कपड्यांच्या रांगेत चौकड्याचा शर्ट घालून जो उभा आहे, तो मी. मला खेळता येत नव्हतं आणि खेळ सोडवतही नव्हता. त्यात बीएस्सीला संख्याशास्त्र घेतलेलं, त्यामुळे हे काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. क्रीडा विभागाच्या सरांनी हिरव्या पुठ्ठ्याचं लांबट स्कोअरबुक हातात दिलं आणि म्हणाले, "हे हरवलं तर तूही परत येऊ नकोस."

स्कोअररचं काम बसून करायचं असलं तरी निवांत नसतं. प्रत्येक चेंडूची खूण गोलंदाजाच्या चौकटीत एकदा आणि फलंदाजाच्या ओळीत एकदा, अशी दोनदा करायची. पंचाने बाय किंवा वाइडची खूण केली की हात वर करून ती पोचल्याचं कळवायचं, आणि षटक संपलं की शेजारी बसलेल्या समोरच्या संघाच्या स्कोअररशी बेरीज जुळवायची. आमचं मैदान काळ्या मातीचं. जानेवारीनंतर जमिनीला भेगा पडायच्या आणि सीमारेषेकडे जाणारा चेंडू मध्येच एखाद्या भेगेत अडकायचा. मग चौकार द्यायचा की दोन धावा, यावर वाद. खेळपट्टी म्हणजे खिळे ठोकून ताणलेली मॅट. ती दुपारी सैल पडली की चेंडू कधी गुडघ्याला तर कधी हनुवटीला.

हंगाम संपत आला की विद्यापीठाच्या संघासाठी नावं पाठवायची असत. तेव्हा क्रीडा विभागाकडून एक तक्ता यायचा. त्यात खेळाडूचं नाव, वर्ग, जन्मतारीख आणि शेवटचा रकाना 'ॲव्हरेज'. त्या रकान्यात एकच आकडा मावेल एवढीच जागा. तो भरायला स्कोअरबुक घेऊन बसलो आणि दोन ओळींपाशी अडकलो.

पहिली ओळ आमच्या सलामीच्या फलंदाजाची. दहा डाव: ३४, ४१, ८, ५२, ०, ६३, ३८, २७, १९, ४५. एकूण ३२७ धावा, दहाही वेळा बाद. सरासरी ३२.७०.

दुसरी ओळ सहाव्या क्रमांकावर येणाऱ्याची. आमची मधली फळी अशी होती की त्यालाही दहाही सामन्यांत मैदानात उतरावं लागलं. त्याचे डाव: १२ नाबाद, ५ नाबाद, ३, ७४ नाबाद, ९ नाबाद, ०, १८ नाबाद, ७ नाबाद, २२ आणि १० नाबाद. एकूण १६० धावा, बाद फक्त तीनदा. सरासरी ५३.३३.

म्हणजे ज्याच्या धावा निम्म्याहूनही कमी, त्याची सरासरी दीडपटीहून जास्त. तक्ता पाहणाऱ्याला ना १६० दिसणार, ना ३२७. त्याला ५३ आणि ३३ दिसणार आणि तो पुढच्या नावाकडे वळणार.

सलामीवाल्याला हे कळलं तेव्हा आम्ही हुरडा खायला एका मित्राच्या शेतावर गेलो होतो. तो कणीस चोळता चोळता थांबला. "मी ह्याच्या डबल रन काढलो, अन् ॲव्हरेज त्याचं? हे कुठलं गणित म्हणायचं?"

गणित साधंच आहे. एकूण धावांना डावांच्या संख्येने भागायचं नाही, बाद होण्याच्या संख्येने भागायचं. नाबाद डावातल्या धावा वरच्या बेरजेत जमा होतात, पण खालच्या भाजकात तो डाव धरलाच जात नाही. शंभर-दीडशे वर्षं सगळं क्रिकेट असंच मोजलं जातंय. सर डॉन ब्रॅडमनच्या कसोटीतल्या ६,९९६ धावांना ७० ने भागलं म्हणून ९९.९४ आले. तो फलंदाजीला ८० वेळा उतरला होता, त्यातल्या दहा वेळा नाबाद राहिला.

या नियमामागे न्याय आहे, हे आधी कबूल केलं पाहिजे. महाराष्ट्राकडून खेळताना भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात काठेवाडविरुद्ध ४४३ धावा केल्या, त्या नाबाद. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या ४५२ च्या विक्रमाला अवघ्या काही धावा कमी असताना समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला. निंबाळकरांना कोणी बाद केलं नव्हतं, खेळच संपवला होता. असा डाव 'पूर्ण झाला' म्हणून कसा मोजणार? नाबाद म्हणजे अर्धवट राहिलेला डाव. तो पूर्ण धरला तर खेळाडूवर अन्याय होतो.

म्हणून सलामीवाल्याने सुचवलेला उपाय मला पटला नाही. त्याचं म्हणणं होतं, सरळ दोघांनाही दहाने भाग. तसं केलं तर त्याचे ३२.७० तेवढेच राहतात आणि सहावाल्याचे होतात १६. पण सहावाल्याच्या त्या '५ नाबाद'ची गोष्ट माझ्या वहीतच होती. तो उतरला तेव्हा जिंकायला पाच धावा हव्या होत्या. एक धाव, मग एक चौकार, सामना संपला. त्या दिवशी त्याला जास्तीत जास्त जेवढं करता येण्यासारखं होतं तेवढं त्याने केलं. त्यापुढे ५ हा त्याच्या कुवतीचा आकडा म्हणून मांडणं म्हणजे एखाद्याला अर्धीच भाकरी वाढून हा कमी जेवतो म्हणण्यासारखं.

पण सरासरीही कुठेतरी खोटं बोलत होती. ते पहिल्यांदा मला आठव्या सामन्याच्या पानावर दिसलं. त्या सामन्यात सलामीवाल्याने २७ केल्या, मॅटवर नवा चेंडू उसळत असताना, समोरचे दोन गडी पडलेले असताना. त्याची सरासरी ३३.७१ वरून ३२.८८ वर उतरली. त्याच डावात सहावाला शेवटच्या दोन षटकांसाठी आला, ७ धावा करून नाबाद राहिला आणि त्याची सरासरी ६०.५० वरून ६४ वर गेली. एकाने २७ करून गमावलं, दुसऱ्याने ७ करून कमावलं. नाबाद राहून सरासरी खाली येणं शक्यच नसतं. एक धाव काढून नाबाद राहिला तरी ती वरच जाते, शून्यावर नाबाद राहिला तर आहे तिथेच राहते. ज्याच्या वाट्याला शेवटची दोन षटकं येतात त्याला हे वरदान सारखं मिळतं. सलामीला येणाऱ्याला क्वचितच.

ही दोन पानं घेऊन मी आमच्या संख्याशास्त्राच्या सरांकडे गेलो. सरांना क्रिकेटचं वेड नव्हतं. स्टाफरूममध्ये सगळे रेडिओला कान लावून बसलेले असताना हे पेपर तपासत बसायचे. त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या आणि एकदम विहिरीवरच्या मोटारींवर आले.

"समज, मोटार रिवाइंड करणाऱ्या एका दुकानदाराला सांगायचंय की त्याने भरलेली मोटार सरासरी किती दिवस चालते. त्याने वर्षभरात दहा मोटारी भरल्या. तीन जळाल्या. सात अजून चालू आहेत. आता चालू असलेल्यांचं काय करायचं? त्या आजच जळाल्या असं धरलं तर दुकानदार मेला. त्या सोडूनच दिल्या तरी मेला, कारण मग फक्त खराब निघालेल्याच मोजल्या जातात. मग एक तोड अशी की सगळ्या मोटारी मिळून जेवढे दिवस चालल्या, त्याला जळालेल्यांच्या संख्येने भागायचं. तुझी सरासरी म्हणजे अगदी हेच."

"मग बरोबरच आहे की, सर."

"एका अटीवर. मोटार जळण्याची शक्यता रोज सारखीच असली पाहिजे. पहिल्या दिवशी जेवढी, तेवढीच शंभराव्या दिवशी. नवी मोटार आणि वर्षभर चाललेली मोटार, दोघींचं इथून पुढचं आयुष्य सारखंच धरायचं. तुझ्या फलंदाजाला हे लागू आहे का, ते तू बघ."

आणि मग त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात एक बेरीज करून दाखवली, ती मी अजून विसरलो नाही. सरासरी ५३.३३ म्हणते, तेव्हा ती न बोलता एक गोष्ट गृहीत धरते. ती अशी, की सहावाला जितक्या वेळा नाबाद परतला, तितक्या वेळा त्याला पुढे खेळू दिलं असतं तर त्याने दर वेळी आणखी ५३.३३ धावा काढल्या असत्या. पाचवर नाबाद असला तरी, अठरावर असला तरी, चौऱ्याहत्तरवर असला तरी. सात नाबाद डावांचे सात गुणिले ५३.३३, म्हणजे ३७३.३३. त्यात प्रत्यक्ष काढलेल्या १६० मिळवा, ५३३.३३ झाले. त्याला दहा डावांनी भागा. उत्तर ५३.३३.

मी ती बेरीज परत करून पाहिली. चूक नव्हती. कुठल्याही फलंदाजाचे आकडे घ्या, हे असंच जुळतं. म्हणजे आमच्या सहावाल्याच्या सरासरीतल्या ५३३ धावांपैकी १६० मी माझ्या हाताने पेन्सिलीने लिहिल्या होत्या आणि उरलेल्या ३७३ कोणीच काढल्या नव्हत्या. सलामीवाल्याच्या ३२७ मधली धाव न् धाव मात्र मैदानावर पळून काढलेली होती.

याचं टोकाचं उदाहरण १९५३ सालचं आहे. ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला होता. त्यात बिल जॉन्स्टन नावाचा डावखुरा गोलंदाज होता, फलंदाजीला अगदी शेवटी यायचा. दौऱ्यात तो १७ डाव खेळला, १६ वेळा नाबाद राहिला, एकूण धावा १०२. बाद एकदाच. सरासरी १०२. म्हणजे त्या सरासरीच्या मते अकराव्या क्रमांकाचा हा गृहस्थ प्रत्येक नाबाद डावात आणखी एक शतक ठोकूनच परतला असता. त्या दौऱ्यावरच्या मातब्बर फलंदाजांच्या वर त्याचं नाव. जॉन्स्टनच्या बाबतीत सगळे हसतात, कारण तो गोलंदाज होता हे माहीत आहे. आमच्या सहावाल्याच्या बाबतीत कोणी हसणार नव्हतं. तो खरंच बरा खेळायचा, म्हणून तर आकडा खरा वाटत होता.

सरांनी दिलेली अट तपासायला मला दुसरीकडे कुठे जायची गरज नव्हती, सगळं स्कोअरबुकात होतं. आमच्या सगळ्या फलंदाजांचे हंगामातले डाव काढले, ते भरले ब्याण्णव. त्यातले पस्तीस दहा धावा व्हायच्या आतच बाद झाले होते. दहाच्या पुढे पोचले पंचेचाळीस (बाकीचे दहाच्या आत नाबाद), आणि त्यातले वीसच्या आत बाद झाले तेरा. वीसच्या पुढे सव्वीस पोचले, त्यातले तीसच्या आत गेले सहा. म्हणजे पहिल्या दहात तिघांतला एक हमखास जातो आणि वरून आणखी काही, पुढच्या दहात तीनात एकाहून कमी, आणि त्यापुढे साधारण चारात एक. नजर बसली की बाद होणं कमी होत जातं. हे कुठल्याही गल्लीतल्या पोराला माहीत असतं, पण सरासरीला माहीत नसतं. तिच्या लेखी शून्यावरचा आणि चाळिसावरचा फलंदाज सारखेच कच्चे.

मी उत्साहात सरांना म्हणालो, म्हणजे नाबाद राहणाऱ्यांची सरासरी नेहमी फुगलेली असते, हे सिद्ध झालं. सरांनी मान हलवली नाही. "उलटही असू शकतं. सुरुवातीचं पाणी सगळ्यात खोल आहे म्हणतोस ना? मग हा पोरगा दर वेळी तेवढंच खोल पाणी पार करतो आणि काठाला लागायच्या आत तुमचा डाव संपतो. सोप्या धावा त्याच्या वाट्याला येतच नाहीत. त्याची सरासरी फुगलेली आहे की दबलेली, हे तुझ्या वहीवरून सांगता येत नाही. एवढंच सांगता येतं की ती कशावर उभी आहे."

आणि ती उभी होती तीन विकेटींवर. त्यातली एक तर रनआउट. सामना मला लख्ख आठवतो. शेवटचं षटक, तीनवर असताना सहावाला दुसऱ्या धावेसाठी परत फिरला. पलीकडचा गडी जमलेला, स्ट्राइक त्याला मिळावी म्हणून हा जीव तोडून पळाला. फेक स्टंपवर लागली तेव्हा बॅट क्रीजच्या रेषेवर होती की आत, हे मला माझ्या जागेवरून दिसलं नाही. पंचाने क्षणभर विचार करून बोट वर केलं. शेजारचा स्कोअरर म्हणाला, "बेनिफिट द्यायला पायजे होता." मी 'धावबाद' लिहिलं. पंचाने तो फायदा दिला असता आणि तो नाबाद परतला असता, तर १६० भागिले २, सरासरी ८०. उलट, सात नाबादांपैकी एका डावात शेवटच्या चेंडूवर उंच मारताना झेल गेला असता तर १६० भागिले ४, सरासरी ४०. एका बोटाच्या फरकाने ४०, ५३ किंवा ८०. सलामीवाल्याच्या ओळीत एक विकेट कमी केली तर ३२.७० चे ३६.३३ होतात, बस्स.

म्हणून नाबाद डाव दिसले की सरासरी रद्द, असं मात्र नाही. मायकल बेव्हन ऑस्ट्रेलियाकडून एकदिवसीय सामन्यांत सहसा खालीच यायचा. १९६ डावांत तो ६७ वेळा नाबाद राहिला, ६,९१२ धावा, सरासरी ५३.५८. जवळपास आमच्या सहावाल्याएवढीच! पण बेव्हन १२९ वेळा बाद झालेला होता. त्यात एक विकेट इकडची तिकडे केली तर आकडा अर्ध्या धावेनेही हलत नाही. सरासरी पाहिली की मी आता पहिल्यांदा बाद होण्याची संख्या पाहतो. ती एक आकडी असेल तर सरासरीकडे बघण्यात अर्थ नसतो. १९९९ च्या विश्वचषकात लान्स क्लुसनरची सरासरी १४०.५० होती, ती आठ डावांतल्या २८१ धावांना दोनने भागून आलेली. क्लुसनर त्या स्पर्धेत जबरदस्त खेळला यात शंका नाही, पण ते १४०.५० वरून ठरत नाही.

मग करायचं काय, हा प्रश्न उरलाच. सरांनी जी पद्धत शिकवली ती दवाखान्यांच्या कामात वापरतात. एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर या दोघांनी १९५८ मध्ये ती मांडली. औषध घेतलेले रोगी किती काळ जगतात ते मोजायचं, पण अभ्यास संपताना काही रोगी जिवंत असतात, काही गाव सोडून गेलेले असतात. त्यांचं पुढे काय झालं याचा अंदाज बांधायचा नाही. ते जिथपर्यंत दिसले तिथपर्यंत मोजायचे आणि मग गुपचूप रांगेतून बाहेर काढायचे. नाबाद फलंदाजाचंही नेमकं हेच करायचं.

सहावाल्याचे डाव चढत्या क्रमाने लावले: ०, ३, मग ५, ७, ९, १०, १२, १८ हे सगळे नाबाद, मग २२, आणि शेवटी ७४ नाबाद. आता शून्यापासून वर चढत जायचं. शून्यावर दहा डाव होते, एक बाद. टिकले दहापैकी नऊ. तीनवर नऊ डाव होते, एक बाद. टिकले मूळच्या दहापैकी आठ. त्यापुढचे सहा डाव नाबाद राहून एकामागून एक रांग सोडून जातात. त्यांनी प्रमाण खाली येत नाही, पण रांग मात्र रिकामी होत जाते. बावीसवर पोचलो तेव्हा रांगेत दोनच डाव उरले होते. त्यातला एक बाद झाला, म्हणजे टिकण्याचं प्रमाण आठावरून एकदम निम्म्यावर, दहापैकी चारवर आलं. त्यानंतर फक्त तो एकटा ७४.

सलामीवाल्याचं करणं सोपं, कारण रांग सोडून कोणीच जात नाही. दहापेक्षा जास्त धावा त्याने दहापैकी आठ वेळा केल्या. सहावाल्याचं दहाच्या पुढे जाण्याचं प्रमाणही दहापैकी आठच. म्हणजे मैदानात उतरल्यावर पाय रोवण्याच्या बाबतीत ५३ वाला आणि ३३ वाला तंतोतंत सारखे निघाले. तीस ओलांडण्याचं प्रमाण सलामीवाल्याचं दहापैकी सहा, सहावाल्याचं दहापैकी चार, आणि हे चार दोनच डावांच्या भरवशावर. निम्मे डाव कुठल्या धावसंख्येला संपतात असं विचारलं तर सलामीवाल्याचं उत्तर छत्तीसच्या आसपास येतं, सहावाल्याचं बावीस.

तक्त्याच्या रकान्यात मी ३२.७० आणि ५३.३३ हेच लिहिलं, कारण तेच मागितलं होतं. मागच्या कोऱ्या बाजूला दोघांचे दहा-दहा डाव ओळीने लिहिले, नाबाद असेल तिथे तारा काढला. दोघांनाही चाचणीसाठी नांदेडला बोलावणं आलं, म्हणून तो विषय तिथेच मिटला असता. पण हे सगळं सहावाल्याच्या कानावर गेलं होतं. एका संध्याकाळी मॅट गुंडाळताना तो माझ्याजवळ आला. मला वाटलं आता भांडण.

"म्हणजे मी बेकार खेळायलो का?"

"तसं नाही रे. वीसच्या पुढं तू कसा खेळतोस ते आपल्याला माहीतच नाही. तू तिथं दोनदाच गेलायस."

तो खिळे डब्यात टाकत राहिला. मग म्हणाला, "जाऊ कसा? मला पाठवतेत कवा तर चार ओव्हर राहिल्यावर. चौऱ्याहत्तरच्या दिवशी चार गडी एकवीसमध्ये गेले म्हणून लवकर गेलो. तू सांग ना कॅप्टनला, मला वर टाक म्हणून."

कॅप्टनला सांगितलं. तो म्हणाला, "त्रेपन्नचं ॲव्हरेज आहे त्याचं खाली. चांगलं चाललंय त्याला कशाला हात लावायचा?" ज्या आकड्याने त्याला विद्यापीठाच्या दारापर्यंत नेलं, त्याच आकड्याने त्याला सहाव्या क्रमांकावर बांधून ठेवलं होतं. वर पाठवलं नाही म्हणून डाव पूर्ण होत नव्हते, डाव पूर्ण होत नव्हते म्हणून सरासरी खाली येत नव्हती, आणि सरासरी खाली येत नव्हती म्हणून वर पाठवत नव्हते. शेवटी क्रीडा विभागाच्या सरांनीच मध्ये पडून सांगितलं, चाचणीच्या आधी गावातल्या क्लबशी एक मैत्रीचा सामना आहे, त्यात कर काय प्रयोग करायचा तो.

चौथ्या क्रमांकावर तो आठव्या षटकात उतरला. नवा चेंडू अजून कडक होता. पहिले बारा चेंडू माझ्या वहीत नुसते ठिपके. मग एकेक धाव, मग कव्हरमधून एक चौकार, तो भेगेत न अडकता सरळ गेला. एकोणिसावर असताना स्लिपमध्ये झेल सुटला. बाविशी ओलांडली तेव्हा मी त्या आकड्याखाली बारीक रेघ मारली. शेजारच्या क्लबच्या स्कोअररला वाटलं काही चुकलं, तो वाकून बघायला लागला. एकतीसवर फिरकीला पुढे सरसावला आणि यष्टिचीत झाला.

संध्याकाळी कॅप्टन माझ्या टेबलाशी आला. "काय झालं आता त्याचं?"

१९१ भागिले ४, ४७.७५. कॅप्टन म्हणाला, "बघ, म्हणलं होतं ना. घसरला."

मी त्याला दुसरं पान दाखवलं. आता डाव अकरा. शून्यावर एक गेला, तीनवर एक गेला, उरले अकरापैकी नऊ. पण बावीसच्या पायरीवर या वेळी रांगेत दोन नाही, तीन डाव उभे होते. त्यातला एक गेला, उरलं अकरापैकी सहा, म्हणजे अजून निम्म्याच्या वर. एकतीसवर दोघांतला एक गेला, अकरापैकी तीन. निम्मे डाव संपण्याची जागा बावीसवरून एकतीसवर सरकली होती. हंगामातली त्याची सगळ्यात मोठी दुसरी खेळी, आणि कॅप्टनच्या हिशोबात ती साडेपाच धावांच्या तोट्याची.

कॅप्टनने ते पान वरून खाली पाहिलं आणि विचारलं, "याच्यात ॲव्हरेज कुठं लिहिलंय?" मी बोट ठेवून ४७.७५ दाखवलं. मागून सहावाला पॅड सोडत सोडत ओरडला, "पुढच्या मॅचला बी मला चारलाच लिही रे."